लिफ्टचा कंट्रोलर आणि पाण्याचे पंप बदलण्याचं शिफारसपत्र: मोजमापापासून खर्चाच्या तक्त्यापर्यंत

सोसायटीच्या इंजिनिअरचं पत्र बहुतेक वेळा असं असतं: "लिफ्टचा कंट्रोलर जुना झाला असून पंपही वारंवार बिघडतात, तरी दोन्ही तातडीने बदलावेत. अंदाजे खर्च सात लाख." सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारतं, "कशावरून?" आणि विषय पुढच्या सभेवर जातो. पत्रात मोजमाप नसतं, कुठला भाग ठेवायचा आणि कुठला काढायचा ते नसतं, आणि खर्चाचा आकडा एकगठ्ठा असतो. असं पत्र मंजूर झालं तरी नवा कंट्रोलर बसवल्यावर लिफ्ट पूर्वीसारखीच बंद पडते. निम्मे बिघाड कंट्रोलरचे नव्हतेच, हे तेव्हा कळतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधली, पार्किंग आणि वर सात मजले अशी २८ फ्लॅटची इमारत. एकच लिफ्ट, सहा माणसांची, ४०८ किलोची, आठ थांबे, रिले असलेला वीस वर्षांचा कंट्रोलर, मशीनरूम गच्चीवर. महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि पाच एचपीचे दोन पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात. खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या पत्रात तुम्ही मागवलेल्या कोटेशनचे आकडे येतील, मांडणी मात्र हीच ठेवा.

## १. आधी बिघाडांची वर्गवारी

लेखणी उचलण्याआधी देखभाल करारवाल्या कंपनीचं कॉल रजिस्टर मागवा आणि मागच्या सहा महिन्यांच्या प्रत्येक कॉलपुढे कारण लिहा. कारणाचे चार कप्पे पुरतात: कंट्रोलर (रिले, कॉन्टॅक्टर, कार्ड), दरवाज्याचे लॉक आणि त्यांचे कॉन्टॅक्ट, वीजपुरवठा, बाकीचं.

आपल्या उदाहरणात २२ कॉल आहेत. कंट्रोलरचे ९, दरवाज्याच्या लॉकचे ८, विजेचे ३, इतर २. म्हणजे फक्त कंट्रोलर बदलला तर आठ कॉल जसेच्या तसे राहतील. नव्या कंट्रोलरवर ते कदाचित वाढतीलही. मळलेल्या कॉन्टॅक्टमुळे क्षणभर सर्किट तुटलं तर जुना रिले कधी कधी ते गिळून टाकतो, पण मायक्रोप्रोसेसर तोच क्षण पकडतो आणि लिफ्ट थांबवतो. त्यामुळे आठही मजल्यांचे लॉक याच कामात धरा. हा खर्च पत्रात नसेल तर दोन महिन्यांत "नवीन मशीनसुद्धा बेकार" हे वाक्य ऐकायला मिळेल, आणि ते तुमच्याच नावावर जमा होईल.

सावधान: दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलत असेल, तर ती पत्राची बाब नाही. त्याच क्षणी मेन स्विच बंद करा, प्रत्येक मजल्यावर फलक लावा आणि अध्यक्षांना एका ओळीचं वेगळं पत्र द्या. शिफारसपत्र त्यानंतर.

## २. लिफ्टचं मोजमाप: पट्टी घेऊन प्रत्येक मजल्यावर

कंट्रोलर बदलायलाच हवा, याचा सर्वात सोपा पुरावा मजल्याच्या पातळीतला फरक असतो. पोलादी पट्टी घ्या. रिकामी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना थांबवा, आणि लिफ्टचा तळ मजल्यापेक्षा किती मिलिमीटर वर किंवा खाली आहे ते लिहा. मग तीन-चार माणसं उभी करून हीच फेरी पुन्हा करा.

आता दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. फरक एका मजल्यावर नेहमी सारखाच येत असेल, समजा तिसऱ्या मजल्यावर कायम २० मिमी खाली, तर तिथला चुंबकी स्विच सरकला आहे. तो पाना-पक्कडचा प्रश्न आहे. पण रिकामी लिफ्ट वर जाताना २५ मिमी पुढे आणि भरलेली खाली येताना ५५ मिमी पुढे जात असेल, म्हणजे फरक वजनाप्रमाणे बदलत असेल, तर लिफ्ट पूर्ण वेगातून निव्वळ ब्रेकच्या जोरावर थांबते आहे. हे दोनच कारणांनी होतं: ब्रेकचे लायनर झिजलेत, किंवा वेग कमी करण्याची सोयच कंट्रोलरमध्ये नाही.

म्हणून आधी लायनर आणि ब्रेकची सेटिंग दुरुस्त करून पुन्हा मोजा. काही हजारांत भागलं तर लाखांचं पत्र लिहू नका. उदाहरणात ब्रेक दुरुस्त करूनही ४० मिमीचा फरक राहिला. आता मुद्दा पक्का झाला. व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह मोटरचा वेग मजल्याजवळ जवळपास शून्यावर आणतो आणि ब्रेक फक्त धरून ठेवायला लागतो, त्यामुळे तो फरक साधारण १० मिमीच्या आत येतो. घरात वॉकर घेऊन चालणारं कोणी असेल तर ४० मिमी म्हणजे काय, हे सभेला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मशीनरूममध्ये आणखी तीन गोष्टी बघा, कारण जुनी मोटर आणि गिअर ठेवायचे की नाही ते त्यांवर ठरतं. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या. ते एक मेगाओहमपेक्षा कमी असेल तर त्या मोटरला नवा ड्राइव्ह जोडू नका. गिअरबॉक्समधून तेल गळतंय का आणि मोटर उलट-सुलट फिरताना चाक सैल हलतं का, ते बघा. आणि दोर ज्या खाचांत बसतात त्या खाचा पाहा. सगळे दोर एकाच उंचीवर बसलेले दिसले पाहिजेत. एखादा आत रुतला असेल तर खाच झिजली आहे, आणि ते काम वेगळ्या अंदाजपत्रकाचं आहे.

पडताळणी: मे महिन्यात भर दुपारी मशीनरूमचं तापमान घ्या. गच्चीच्या स्लॅबखालची खोली नाशिकच्या उन्हाळ्यात चांगलीच तापते आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं रिलेइतकी सोशिक नसतात. एक्झॉस्ट पंखा नसेल तर तो यादीत टाका. छत पावसाळ्यात गळत असेल तर ते आधी बंद करा, कंट्रोलर मग.

## ३. पंपाचं मोजमाप: गेज, घड्याळ आणि टाकीतली पट्टी

"पंप पाणी कमी टाकतो" या तक्रारीचं कारण पंप, पाइप किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीही असू शकतं. ते वेगळं काढायला डिलिव्हरी लाइनवर एक प्रेशर गेज लागतं. बसवलेलं नसेल तर बसवून घ्या, किरकोळ खर्च आहे.

पहिलं, प्रवाह. वरच्या टाकीचे सगळे आउटलेट बंद करा. टाकी आतून ४ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहे, म्हणजे पाणी १ सेंटीमीटर चढलं की १०० लिटर झाले. दहा मिनिटं पंप चालवून पातळी मोजा. उदाहरणात ती १० सेंटीमीटर चढली: दहा मिनिटांत १,००० लिटर, तासाला ६,०००.

दुसरं, दाब. पंप बंद असताना, लाइन भरलेली असताना गेज ३.० किलो दाखवतं. एक किलो म्हणजे ढोबळमानाने १० मीटर, त्यामुळे टाकीचं तोंड पंपापासून ३० मीटर उंच आहे. पंप चालू केला की ३.२. म्हणजे पाइपात घासून फक्त दोन मीटरच जातात. पाइप तुंबलेला असता तर हा आकडा बराच वर गेला असता.

तिसरं, डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पंप चालवा आणि गेज वाचा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, आतलं पाणी तापतं. नावपट्टीवर ५० मीटरपर्यंत हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, लिहिलंय आणि गेज ३.५ वरच थांबतंय. तर इम्पेलर आणि त्याची रिंग झिजली आहे आणि पाणी आतल्या आत फिरतंय. दोष पंपाचाच, हे आता आकड्याने सिद्ध झालं. हाच आकडा ५ च्या आसपास आला असता तर फूटव्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गाळणी उघडून बघायची होती, आणि पंप बदलण्याची शिफारस चुकली असती.

सोबत क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या. ७ अँपिअर, ४१० व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तर पंप साधारण ४.१ किलोवॉट ओढतो.

## ४. नवा पंप जुन्याकडे बघून निवडू नका

इथली नेहमीची चूक म्हणजे जुना पाच एचपीचा होता म्हणून नवाही पाच एचपीचाच लिहिणं. खरा हिशोब गरजेपासून सुरू होतो. २८ फ्लॅट, फ्लॅटमागे पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे साधारण १९,००० लिटर. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळात येतं, पण ते खालच्या टाकीत पडतं. वर चढवायला दोन तास मिळाले तरी पुरे. म्हणून तासाला १०,००० लिटर.

आता हेड. पंपापासून वरच्या टाकीपर्यंत ३० मीटर. खालच्या टाकीतली पाण्याची पातळी पंपाच्या खाली अडीच मीटर. नवा प्रवाह जास्त असल्यामुळे ५० मिमीच्या जुन्या जीआय पाइपात आणि बेंडमध्ये सुमारे ४ मीटर जातील. बेरीज ३६.५, त्यावर दहा टक्के धरून ४० मीटर. इतक्या कामाला पाण्याची ताकद १.१ किलोवॉट लागते. पंपाची कार्यक्षमता पन्नास टक्के धरली तरी शाफ्टवर २.२ किलोवॉट, म्हणजे तीन एचपी.

पत्रात नुसतं "तीन एचपी" लिहू नका. "४० मीटर हेडला तासाला किमान १०,००० लिटर" असं लिहा. मग कुठल्याही कंपनीचं कोटेशन एकाच मापाने तपासता येतं आणि ब्रँडचं नाव घ्यायची गरज पडत नाही. हेड जितकं जास्त तितका पंप चांगला, असा दुकानात सल्ला मिळतो. तो ऐकू नका. ६० मीटरसाठी बनवलेला पंप ३७ मीटरवर चालवला की तो जरुरीपेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटरवर जादा भार येतो आणि ओव्हरलोड रिले पडत राहतो.

विजेची बचत लिहायची तर अशी लिहा: जुना पंप रोज ३ तास १० मिनिटं चालतो, १३ युनिट. नवा १ तास ५५ मिनिटं, अंदाजे २.७ किलोवॉटवर, ५ युनिट. रोजचे ८ युनिट, वर्षाला सुमारे २,९००. सामाईक मीटरच्या बिलात सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडत असेल तर वर्षाचे जवळपास ३५,००० रुपये. दर स्वतःच्या बिलातून काढा, ऐकीव नको.

## ५. खर्चाचा तक्ता: काय धरलं आणि काय नाही

| बाब | रुपये |
|---|---|
| व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्हसह मायक्रोप्रोसेसर कंट्रोलर, ८ थांबे | १,६०,००० |
| वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणणारं एआरडी | ३५,००० |
| ट्रॅव्हलिंग केबल आणि शाफ्टचं वायरिंग | ५५,००० |
| आतलं बटण पॅनल, मजल्यांवरची बटणं | ५०,००० |
| दरवाज्याचे लॉक, ८ संच | ३२,००० |
| एन्कोडर, चुंबकी आणि लिमिट स्विच | १८,००० |
| काढणं, बसवणं, चाचणी | ५५,००० |
| लिफ्ट | ४,०५,००० |
| ३ एचपी पंप, २ नग | ४८,००० |
| पॅनल: स्टार्टर, पातळी सेन्सर, ड्राय रन आणि फेज संरक्षण | ३०,००० |
| फूटव्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाइप जोडणी | २८,००० |
| पाया, मजुरी | १४,००० |
| पंप | १,२०,००० |

जीएसटी १८ टक्के धरून लिफ्टचे ४,७७,९०० आणि पंपाचे १,४१,६०० होतात. दोन्हींची बेरीज ६,१९,५००. आकस्मिक खर्चासाठी पाच टक्के म्हणजे ३०,९७५. एकूण ६,५०,४७५ रुपये.

तक्त्याखाली ठळक अक्षरात "यात समाविष्ट नाही" असा परिच्छेद हवा: दोर, मोटरचं रिवाइंडिंग, गिअरबॉक्स, मशीनरूमची गळती, आणि प्रत्यक्ष भरल्याप्रमाणे सरकारी शुल्क. सभेनंतरची निम्मी भांडणं हा परिच्छेद मिटवतो. शाफ्टचं वायरिंग वाचवून पन्नास हजार कमी करण्याची सूचना कुठल्यातरी कोटेशनमध्ये नक्की येते. वीस वर्षांच्या केबलवर नवा कंट्रोलर टांगायला लेखी नकार द्या.

वर्गणीचा हिशोबही याच पानावर द्या, पण लिफ्ट आणि पंप वेगळे ठेवून. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान वाटला जातो, खालच्या मजल्यावरचा सभासद लिफ्ट वापरत नसला तरी. म्हणून लिफ्टचे प्रत्येकी सुमारे १७,९२१ रुपये. पंपाचा खर्च दुरुस्ती निधीतून करायचा की वर्गणीतून, हे सभा ठरवेल. वर्गणी झालीच तर प्रत्येकी ५,३१० रुपये. सिंकिंग फंडातून घ्यायचं असेल तर सभेचा ठराव आधी लागतो. इंजिनिअरने फक्त पर्याय मांडावेत, निर्णय लिहून टाकू नये.

## ६. प्रत्यक्ष पत्र

दोन पानांच्या वर जाऊ नका. मोजमापं आणि फोटो जोडपत्रात टाका.

> मा. अध्यक्ष / सचिव,
> ______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या., इंदिरानगर, नाशिक
>
> विषय: लिफ्टचा कंट्रोलर व पाण्याचे दोन पंप बदलण्याबाबत शिफारस व अंदाजपत्रक.
>
> महोदय,
> दि. ____ रोजी केलेल्या तपासणीत ब्रेक दुरुस्त केल्यानंतरही लिफ्ट मजल्यापासून ४० मिमीपर्यंत पुढे थांबते आणि हा फरक वजनानुसार बदलतो (जोडपत्र १). सहा महिन्यांतील २२ बिघाडांपैकी ९ कंट्रोलरचे व ८ दरवाज्याच्या लॉकचे आहेत (जोडपत्र २). सबब कंट्रोलर, शाफ्टचे वायरिंग व आठही लॉक एकत्र बदलावेत. मोटर, गिअर, गाइड रेल व दोर सध्या ठेवता येतील. मात्र मोटरचे इन्सुलेशन बसवण्याआधी पुन्हा तपासावे.
>
> पंपाचा बंद व्हॉल्व्हवरील दाब ५० मीटरऐवजी ३५ मीटर व प्रवाह तासाला ६,००० लिटर आहे (जोडपत्र ३). दुरुस्तीऐवजी ४० मीटर हेडला तासाला १०,००० लिटर देणारे दोन पंप घ्यावेत. त्यांपैकी एक चालू व एक राखीव राहील.
>
> करसहित अंदाजित खर्च रु. ६,५०,४७५ (जोडपत्र ४). काम पुढे ढकलल्यास पंप आधी व लिफ्ट नंतर असा क्रम ठेवता येईल. लॉकची दुरुस्ती मात्र ढकलू नये.
>
> आपला विश्वासू,

"तातडीने", "धोकादायक", "कधीही अपघात होऊ शकतो" हे शब्द पुरावा नसेल तर वापरू नका. पुढे खरंच धोका निर्माण झाला तर त्यांचं वजन उरत नाही. आणि ज्याने पत्र लिहिलं त्यानेच किंवा त्याच्या ओळखीच्या एजन्सीने कोटेशन भरायचं, हा प्रकार सभेत लगेच ओळखला जातो.

## ७. कोटेशन मागवताना घालायच्या अटी

तीन एजन्सींना एकच यादी द्या. लिफ्टसाठी एजन्सी परवानाधारक हवी, आणि २०१७ च्या महाराष्ट्र लिफ्ट कायद्याखाली लागणारी विद्युत निरीक्षक कार्यालयाकडची कागदपत्रं कोण करणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. काम सुरू झाल्यावर विचारलं तर ते सोसायटीच्या गळ्यात पडतं.

सर्वात महत्त्वाची अट कंट्रोलरच्या पासवर्डची. काही कंट्रोलर फक्त बसवणाऱ्याच्याच उपकरणाने उघडतात. मग देखभाल करार दुसऱ्या कोणाला देताच येत नाही आणि दरवर्षी तो सांगेल तो दर द्यावा लागतो. "पासवर्ड, वायरिंगचा नकाशा आणि पॅरामीटर यादी सोसायटीकडे सुपूर्द करणे" ही ओळ घाला आणि शेवटचे दहा टक्के पैसे त्यासाठीच अडवून ठेवा.

## ८. कामाचा क्रम आणि ताबा

पंप आधी, लिफ्ट नंतर. लिफ्ट पाच-सात दिवस बंद राहणार असते. त्याच आठवड्यात पाणीही गेलं तर सातव्या मजल्यावरची माणसं बादल्या घेऊन जिना चढतील. पंपातही एक जुना चालू ठेवून दुसऱ्याच्या जागी नवा बसवा, तो तीन-चार दिवस नीट चालला की मगच पहिला काढा.

पंपाची चाचणी पुन्हा त्याच टाकीत. दहा मिनिटांत पाणी १६ ते १७ सेंटीमीटर चढलं पाहिजे, चालू असताना गेज ३.४ च्या आसपास, करंट नावपट्टीपेक्षा कमी. खालच्या टाकीतला सेन्सर पाण्याबाहेर उचलून बघा, पंप आपोआप थांबला पाहिजे.

लिफ्टची चाचणी: मोटरच्या वायरी ड्राइव्हपासून सोडवून मोटर पुन्हा मेगरने तपासा. पट्टी घेऊन सगळ्या मजल्यांची फेरी करा, रिकामी आणि भरलेली. दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन बंद करा, एआरडीने लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणली पाहिजे. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट चालू असताना तंत्रज्ञाकडून लॉकचा कॉन्टॅक्ट उघडून घ्या, लिफ्ट तिथल्या तिथे थांबली पाहिजे. आठपैकी सात मजल्यांवर थांबली म्हणून ताबा घेऊ नका. तंत्रज्ञाने दोन फेज अदलाबदल करून दाखवाव्यात, तेव्हा लिफ्ट सुरूच होता कामा नये.

सगळे आकडे ताब्याच्या कागदावर लिहून एजन्सी आणि सचिव दोघांच्या सह्या घ्या. काढलेला जुना कंट्रोलर महिनाभर मशीनरूमच्या कोपऱ्यात ठेवा आणि भंगारात नंतर द्या. नव्या जोडणीत एखाद्या जुन्या वायरचा क्रम बघायची वेळ आली तर तो तिथेच सापडतो.